पहिल्या भेटीनंतरच्या सकाळचा मेसेज दर वेळी फसतोय? आधी त्यातली प्रश्नचिन्हं मोजा

दर थोड्या दिवसांनी, सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, मला कुणाच्या तरी मेसेजचा मसुदा येतो. काल संध्याकाळी पहिली भेट झालेली असते, ती चांगली झालेली असते आणि आता त्या व्यक्तीला काय लिहायचं ते सुचत नसतं. किंवा सुचतं ते फार होतं. मसुद्याखाली एकच ओळ असते: "हे पाठवू का?"

गेल्या काही वर्षांत मी असे बरेच मसुदे वाचले. माणसं वेगळी, वयं वेगळी, पण बिघाड जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी सापडतो. म्हणून या समस्येची नीट तपासणी लिहून ठेवते आहे. भेट चांगली झाली आहे, तुम्हाला परत भेटायचं आहे आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते अजून कळलेलं नाही, एवढीच परिस्थिती मी इथे धरली आहे.

समस्या कशी दिसते

मसुदा पाठवणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते: "भेट मस्त झाली होती. सकाळी मी छान मेसेज पाठवला. दुपारपर्यंत उत्तर नाही. मग मी आणखी एक पाठवला. संध्याकाळी दोन शब्दांचं उत्तर आलं आणि तिथून सगळं थंड पडलं." हे एकदा झालं तर समजू शकतं. एकाच माणसाच्या बाबतीत दोन-तीन वेळा झालं, तर तो पाठवत असलेला मेसेज तपासायला हवा.

एका मैत्रिणीचं हेच चाललं होतं. तिच्या परवानगीनं तिचा मसुदा इथे देते; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"गुड मॉर्निंग! नीट पोचलास ना काल? खरं सांगू का, मला रात्रभर झोपच आली नाही. किती दिवसांनी कुणाशी इतकं मोकळं बोलले मी! तुझ्यासारखा माणूस मला याआधी भेटलाच नाही. तुला कसं वाटलं भेटून? मी जरा जास्तच बडबड केली का? केली असेल तर सॉरी हं. आपण या शनिवारी परत भेटूया का? की रविवार बरा पडेल? बिझी असशील तर लगेच रिप्लाय नाही केलास तरी चालेल. पण सांग नक्की."

यात वाईट असं एकही वाक्य नाही. सगळं मनापासून आहे. तरी हा मेसेज फसतो. का, ते वाचणाऱ्याच्या बाजूनं बघितलं की कळतं.

तपासणी: वाचणाऱ्याला किती कामं दिली आहेत?

तो कामाला निघायच्या गडबडीत आहे. फोन वाजतो, तो मेसेज उघडतो. त्यालाही भेट आवडली होती असं धरू. आता त्याच्यासमोर पाच प्रश्न आहेत: पोचलास ना, कसं वाटलं, मी फार बोलले का, शनिवारी भेटूया का, रविवार बरा का. सहावी मागणी शेवटच्या "सांग नक्की"मध्ये आहे. शिवाय "तुझ्यासारखा माणूस भेटलाच नाही" या वाक्याला तोलामोलाचं काहीतरी म्हणायला हवं, नाहीतर ते रुक्ष दिसेल. आणि "बडबड केली का" यावर तिला धीर द्यायला हवा.

एवढं सगळं दाराशी उभ्या उभ्या लिहून होत नाही. मग तो काय ठरवतो? "सावकाश, नीट उत्तर देऊ." सावकाश म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, किंवा रात्री. त्याच्या लेखी हा उशीर म्हणजे मेसेजला दिलेला मान आहे. तिच्या बाजूला मात्र दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे शांतता. एक वाजेपर्यंत तिची खात्री पटते की काहीतरी चुकलं. ती दुसरा मेसेज पाठवते: "फार लिहिलं का मी? सोड, विसर." आता त्याच्याकडे आणखी एक काम आलं.

हेच ते सारखं घडणारं चक्र. बहुतेक जण याचं कारण "मी फार गोड बोलले" असं समजतात आणि पुढच्या वेळी मुद्दाम कोरडं लिहितात. तिथे निदान चुकतं. गोडवा काढायची गरजच नसते, काढायच्या असतात त्या मागण्या.

मसुदा तपासताना मी प्रश्नचिन्हांखाली पेन्सिलीनं खूण करते आणि मग जिथे प्रश्नचिन्ह नाही पण मागणी आहे तिथेही करते. मराठीत या दुसऱ्या प्रकारच्या मागण्या फार छोट्या शब्दांत लपतात. "मजा आली ना" मधला "ना" होकार मागतो. "नक्की" हा शब्द बांधून घेतो. "भेटूया" हे रूप तर मुळातच दोघांच्या वतीनं बोलतं. समोरच्यानं अजून काही ठरवलेलं नसताना त्याला त्यात धरून टाकतं. "भेटायला आवडेल मला" हे फक्त स्वतःच्या वतीनं बोलणं आहे. अर्थ जवळजवळ तोच, पण पहिल्याला उत्तर द्यावंच लागतं, दुसरं ऐकून नुसतं बरं वाटू शकतं.

"उत्तर नाही दिलंस तरी चालेल" या वाक्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण चांगली, दुसऱ्याची काळजी करणारी माणसं हेच वाक्य हमखास घालतात. दडपण येऊ नये म्हणून ते लिहिलेलं असतं. पण ते वाचेपर्यंत उत्तराच्या वेळेचा विषय त्याच्या डोक्यातही नसतो. वाक्य वाचल्यावर तो येतो. ते काढून टाका. ज्या मेसेजमध्ये काही विचारलेलंच नाही, त्याला या सवलतीची गरज पडत नाही.

"नीट पोचलास ना?" या प्रश्नाची जागा रात्रीची आहे. निरोप घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं विचारला तर त्यात खरी काळजी असते आणि उत्तरही एका शब्दाचं असतं. सकाळी नऊ वाजता माणूस पोचलेलाच असतो. मग तो प्रश्न बोलणं सुरू करायचं निमित्त वाटतो.

एवढं का लिहिलं जातं

मैत्रिणीला मी विचारलं, "सॉरी कशाबद्दल?" ती म्हणाली, "तो निघताना जरा गप्प होता. वाटलं, मीच फार बोलले."

ही शंका फार जणांना येते आणि बहुधा ती वास्तवापेक्षा मोठी असते. एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. आपण समोरच्याला किती आवडलो असू, याचा माणसांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. म्हणजे भेटीनंतरच्या सकाळी वाटणारी "मी काहीतरी बिघडवलं" ही भावना हा काही पुरावा नव्हे. आणि ज्या चुकीबद्दल समोरच्यानं काहीच म्हटलेलं नाही तिची माफी मागितली, की तो बिचारा आदल्या संध्याकाळीकडे वळून चूक शोधायला लागतो.

दुसरं कारण आवाजाचं. आपण लिहितो तेव्हा ते वाक्य आपल्याला आपल्याच आवाजात ऐकू येतं, हसण्यासकट. वाचणाऱ्याला फक्त अक्षरं मिळतात. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर हे तपासलं होतं. वाक्य उपरोधानं लिहिलंय की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला ओळखायचं होतं. साधारण ७८ टक्के वेळा ते ओळखता येईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा ओळखता आलं, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं. म्हणून सकाळच्या या मेसेजात चिडवणं, टोमणा, "काल फारच शहाणपणा करत होतास" असली थट्टा नको. समोरासमोर ती गोड लागली असेल, कागदावर तिची चव राहत नाही.

दुरुस्ती

मैत्रिणीच्या चौसष्ट शब्दांतून सगळ्या मागण्या काढल्या. उरलं हे: झोप आली नाही, मोकळं बोलले, तुझ्यासारखा कुणी भेटला नाही.

झोपेचं वाक्य खरं होतं, तरी काढायला सांगितलं. एका भेटीनंतर एखाद्याची रात्रीची झोप आपल्यामुळे उडाली हे कळलं की आनंदाबरोबर जबाबदारीही येते. "तुझ्यासारखा माणूस भेटलाच नाही" हेही तसंच: एवढ्या मोठ्या वाक्याला दोन-अडीच तासांची ओळख पुरत नाही. शिवाय त्यात तो कुठेच नाही. हे वाक्य कुणालाही पाठवता आलं असतं.

मग मी तिला एकच प्रश्न विचारला: "आज सकाळपासून तो तुला नेमका कधी आठवला?"

ती म्हणाली, "जिना उतरताना. काल त्यानं पोहायला शिकतानाचा किस्सा सांगितला होता. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी शिकत होता. खोल पाण्यात शिक्षकाला सारखा ओरडत होता, ‘सोडू नका, सोडू नका’, आणि शिक्षकांनी कधीच सोडलं होतं. ते काठावर बसले होते. ते आठवून मी एकटीच हसले."

मेसेज तिथेच तयार होता. तिनं पाठवला तो असा:

"आत्ता जिना उतरताना तुझा तो ‘सोडू नका, सोडू नका’ किस्सा आठवला आणि एकटीच हसले. कालची संध्याकाळ छान गेली. परत भेटायला आवडेल मला."

बावीस शब्द, प्रश्न एकही नाही. पहिल्या वाक्यात अशी गोष्ट आहे जी फक्त त्या दोघांना ठाऊक आहे. तिनं त्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं हे ती न सांगताच त्याला कळतं. माझ्या मते अख्ख्या मेसेजातली ऊब इथूनच येते, विशेषणांतून येत नाही. दुसरं वाक्य साधं आहे आणि तसंच असू द्यावं. "अविस्मरणीय", "स्वप्नासारखी" असे शब्द तिथे घातले की पहिल्या वाक्याचा खरेपणा कमी होतो. तिसऱ्या वाक्यात इच्छा स्पष्ट आहे, पण दिवस नाही, वेळ नाही, "का?" नाही.

तिसरं वाक्य कधी कधी लोक संकोचानं गाळतात. परत भेटायचं असेल तर गाळू नका. ते नसलं की मेसेज आभार मानून निरोप घेतल्यासारखा वाटतो आणि समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागतं. तुमचंच अजून नक्की नसेल तर मात्र ते लिहू नका. पहिली दोन वाक्यं पुरेशी आहेत आणि खोटी नाहीत.

आठवण खरी हवी, एवढं पाळा. मैत्रीण खरंच जिन्यात हसली होती. काही आठवत नसेल तर भेटीतलं एखादं वाक्य, त्यानं सुचवलेली एखादी गोष्ट, रस्ता चुकून दोघं भलतीकडे गेलात तो प्रसंग, यातलं काहीही चालतं. फक्त त्याच्या शरीराबद्दल किंवा निघतानाच्या जवळिकीबद्दल काही लिहू नका, ती दोघांनाही कितीही आवडली असली तरी. मेसेजची पहिली ओळ बंद फोनच्या पडद्यावर दिसते आणि तो फोन त्या वेळी कुणासमोर ठेवलेला असेल हे तुम्हाला माहीत नसतं.

उलटा बिघाड: कोरडा मेसेज

"काल मजा आली. थँक्स." यात दडपण नाही, पण ऊबही नाही. इथे तपासायची गोष्ट एकच: हाच मेसेज ऑफिसातल्या सहकाऱ्याला जसाच्या तसा पाठवता येईल का? येत असेल तर त्यात दोघांपुरती ती एक गोष्ट घाला. बाकी काही बदलू नका.

तू की तुम्ही, आणि इतर बारीक गोष्टी

आदल्या संध्याकाळी निरोप घेताना जे चालू होतं तेच सकाळी ठेवा. "तुम्ही"वर निरोप घेऊन सकाळी एकदम "तू" लिहिलं तर वाचणारा त्या एका शब्दापाशी अडखळतो आणि बाकी मेसेज बाजूला राहतो. आणि "तू"वर आलेलं नातं सकाळी परत "तुम्ही"वर नेलं तर माघार घेतल्यासारखं वाटतं. मधेच बदललं असेल, दोघं अर्धं हे आणि अर्धं ते बोलत असाल, तर वाक्य असं फिरवा की सर्वनाम लागणारच नाही: "तो पोहण्याचा किस्सा आठवला." मराठीत हे सहज जमतं.

मसुदा त्याच्या चॅटमध्ये टाइप करू नका. बोट चुकतं आणि अर्धा मेसेज जातो. शिवाय त्यानं तेव्हाच चॅट उघडली तर "टाइप करत आहे" हे पाच मिनिटं दिसत राहतं. नोट्समध्ये लिहा, मोठ्यानं एकदा वाचा, मग चिकटवा. तरीही चूक गेलीच, तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटं दुरुस्ती करता येते. मेसेजवर बदल केल्याची खूण राहते, ती राहू द्या. पण पाठवलेला मेसेज घाबरून पुसू नका. पुसल्याची नोंद त्याच्या पडद्यावर उरते आणि काय लिहिलं होतं याची उत्सुकता कुठल्याही मेसेजपेक्षा जास्त दडपण आणते.

वेळेचा फार विचार करायला नको. त्याच्या उठण्या-निजण्याबद्दल आदल्या दिवशी काही कळलं असेल तर ते धरा, नाहीतर नऊ ते अकराच्या दरम्यान कधीही. पहाटे साडेपाचला नको, कारण वाचणाऱ्याला आधी तुमचं जागरण दिसतं. "तीन दिवस थांबावं" असा सल्ला अजून दिला जातो. तो मला पटत नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यातली आठवण शिळी झालेली असते आणि तुम्ही मुद्दाम थांबलात हे समोरच्याला कळतं.

पाठवल्यावर

त्या मैत्रिणीला दुपारी पावणेतीनला उत्तर आलं: "हाहा, शिक्षक अजून सगळ्यांना तो किस्सा सांगतात. मलाही खूप छान वाटलं काल." आता तिचा तो शनिवारचा प्रश्न बाहेर काढायची वेळ झाली होती. पहिल्या मेसेजातला तोच प्रश्न इथे जड वाटत नाही, कारण आता तो त्याच्या होकारानंतर येतो. तिनं संध्याकाळी लिहिलं, "मग शनिवारी संध्याकाळी भेटायला जमेल का? नाहीतर पुढच्या आठवड्यातला एखादा दिवस सांग." एकच प्रश्न, आणि नाही म्हणायचं असेल तर त्यालाही वाट ठेवलेली.

उत्तर आलं पण आखूड आलं, नुसता हसरा चेहरा किंवा "हो, छान होतं", तर त्याचा अर्थ लावत बसू नका आणि त्यावर लगेच लांब काही लिहू नका. दोन दिवसांनी भेटीबद्दल एकदाच, वरच्यासारखं स्पष्ट विचारा.

उत्तर आलंच नाही, तर त्या दिवशी काही करायचं नाही. दुसरा मेसेज नाही, "पोचला का मेसेज" नाही, त्याच्या स्टेटसवर प्रतिक्रिया नाही. तीन-चार दिवसांनी वाटलं तर एक हलका मेसेज चालेल, पहिल्याचा उल्लेख न करता. त्यालाही उत्तर नाही आलं तर तेच उत्तर समजायचं आणि तिथे थांबायचं. हे थांबणं अवघड जातं हे मी जवळून पाहिलं आहे. पण बावीस शब्दांच्या मेसेजनंतर ते जरा सोपं जातं, कारण त्यात काही विचारलेलं नसल्यामुळे काही लोंबकळत राहिलेलं नसतं. तुम्हाला जे सांगायचं होतं ते सांगून झालेलं असतं.

हा उपाय कुठे चालत नाही तेही सांगते. समोरच्याला परत भेटायचंच नसेल तर कुठलीही शब्दरचना ते बदलत नाही, आणि बदलण्याचा प्रयत्नही करू नये. आणि तुम्हालाच परत भेटायचं नसेल, तर हा मेसेज पाठवू नका. त्याची ऊब समोरचा खरी मानेल. त्यासाठी वेगळं, सरळ लिहा: "काल भेटून बरं वाटलं. पण आपलं पुढे जुळेल असं मला वाटत नाही, म्हणून आधीच सांगते आहे." तोही मेसेज त्याच सकाळी पाठवा.